बुधवारची संध्याकाळ

पुण्यातली एक आठ वर्षांची मुलगी. दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता तिचे बाबा शाळेच्या फाटकाशी येतात. दोघं पोहायला जातात, मग काहीतरी खातात, आणि आठच्या सुमारास बाबा तिला आईच्या इमारतीखाली सोडतात. एका आड एक शनिवार-रविवार ती बाबांकडे राहते. आईबाबांचा परस्परसंमतीने घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली. ताबा आईकडे आणि भेटी बाबांना, अशा अटी दोघांनी मिळून कोर्टात लिहून दिल्या होत्या, आणि त्या आजवर बऱ्यापैकी पाळल्या गेल्या आहेत.

डिसेंबरात आईला बँकेत बढती मिळते. नेमणूक नागपूरला, एप्रिलअखेर हजर व्हायचं आहे. नागपूर तिचं माहेर. आईवडील तिथे आहेत, स्वतःचं घर आहे, शाळा सुटल्यावर मुलीला पाळणाघरात ठेवावं लागणार नाही. बाबांचं उत्तर एका वाक्याचं आहे: "तू जा, मुलगी इथेच राहील."

हे उदाहरण कुणा एका कुटुंबाचं नाही, समजावून सांगायला मी ते जुळवलं आहे. पण कौटुंबिक न्यायालयात ज्यांचा दिवस जातो त्यांना यातला एकेक तपशील ओळखीचा वाटेल. या भांडणात वाईट माणूस कुणीच नाही, आणि म्हणूनच ते अवघड आहे. आईचं कारण खरं आहे, बाबांची हरकतही खरी आहे, आणि पुणे-नागपूर हे रात्रभराच्या प्रवासाचं अंतर कुणाच्या चांगुलपणाने कमी होत नाही.

आधी विचारायचं, मग निघायचं

आपल्याकडे अनेकांची समजूत असते की ताबा मिळाला म्हणजे मूल कुठेही नेता येतं. दुसऱ्या बाजूला तितकीच पक्की समजूत असते की बापाची सही नसेल तर मूल शहराबाहेर नेताच येत नाही. दोन्ही अर्धवट आहेत.

विभक्त पालकाने मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात जाण्याबद्दल भारतात स्वतंत्र कायदा नाही. कायदा आयोगाने मे २०१५ मधल्या आपल्या २५७व्या अहवालात ताब्याचा सगळा विषय नव्याने मांडला, त्यात पालकाच्या स्थलांतराचाही विचार होता, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे न्यायाधीशांपुढे आजही मुख्यतः जुनेच कायदे असतात: १८९०चा पालक आणि पाल्य कायदा, हिंदूंसाठी १९५६चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा, आणि घटस्फोटाच्या प्रकरणात हिंदू विवाह कायद्याचं कलम २६. या सगळ्यांचा गाभा एकच आहे. मुलाचं हित सर्वात वर.

प्रत्यक्षात काय करायचं, हे कोर्टाचा आदेश आहे की नाही यावर ठरतं. दोघं नुसते वेगळे राहत असतील, कुठलीच केस नसेल, तर मूल घेऊन जायला थेट मनाई नसते. मात्र मागे राहिलेला पालक जुन्या शहरातल्या कोर्टात जाऊ शकतो, कारण १८९०च्या कायद्याप्रमाणे मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. 'सामान्यतः राहणं' हे परिस्थितीवरून ठरतं, आणि सामान हलवलं म्हणून ते आठ दिवसांत बदलत नाही. केस चालू असेल, किंवा आमच्या उदाहरणातल्यासारखा ताबा आणि भेटींचा आदेश आधीच झालेला असेल, तर मात्र वाट एकच आहे. ज्या कोर्टाने आदेश दिला त्याच कोर्टात तो बदलून मागायचा. बुधवारची भेट आदेशात लिहिलेली असताना नागपूरला निघून जाणं म्हणजे तो आदेश मोडणं. आणि कोर्टाने रीतसर पालक म्हणून नेमलेल्या माणसाने मुलाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायचं तर आधी परवानगी घ्यावी, हे तर १८९०च्या कायद्याच्या कलम २६ मध्येच लिहिलेलं आहे.

संमतीच्या अटींवर सही केली म्हणजे कायमचे बांधले गेलो, असं वाटून अनेक आया अर्जच करत नाहीत. तसं नाही. ताब्याचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितलं आहे. २०१० मध्ये त्याच न्यायालयापुढे अगदी असाच प्रश्न आला होता. घटस्फोट संमतीने झालेला, मुलगा आईकडे, आणि आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. ठरलेल्या अटी आता बदलता येणार नाहीत, असं वडिलांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. न्यायमूर्तींनी सात-आठ वर्षांच्या त्या मुलाशी स्वतः बोलून घेतलं, त्याला आईसोबत जाऊ दिलं, आणि सुट्ट्यांत वडिलांना त्याचा ताबा मिळावा अशी व्यवस्था कायम ठेवली.

आमच्या उदाहरणातली आई जानेवारीत अर्ज करते. नेमणुकीचं पत्र, नागपूरच्या शाळेकडून घेतलेली प्रवेशाची माहिती, आईवडिलांच्या घराचा पत्ता, आणि बाबांच्या भेटी पुढे कशा होतील याचा एक कच्चा तक्ता, हे सगळं शपथपत्रासोबत जोडलेलं आहे. बाबांना नोटीस जाते, ते वकिलामार्फत आपलं म्हणणं दाखल करतात.

अर्ज करण्याआधी आईने एक गोष्ट केली नाही, आणि ती न करणं फार मोलाचं ठरलं. तिने शाळा सोडल्याचा दाखला काढला नाही. गुपचूप काढलेला दाखला हा अशा प्रकरणांत दुसऱ्या बाजूच्या हाती लागणारा बहुधा पहिला कागद असतो. त्यावरची तारीख एकदा न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे आली, की पुढचं प्रत्येक वाक्य त्या तारखेच्या उजेडात वाचलं जातं.

कोर्टापुढचा खरा प्रश्न

बाबांचं पहिलं म्हणणं असं: बढती नाकारता येते. आईने पुण्यातच राहावं.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. आईने कुठे राहावं, हे ठरवायला कोर्ट बसलेलं नसतं. देशात कुठेही जाऊन राहण्याचं आणि काम करण्याचं स्वातंत्र्य तिला आहे, तसंच ते बाबांनाही आहे. उद्या बाबांची बदली नाशिकला झाली तर त्यांना कुणी अडवणार नाही. कोर्टापुढचा प्रश्न एवढाच असतो की आई नागपूरला गेली तर मुलीने कुठे राहणं तिच्या हिताचं आहे. म्हणून "मुलगी इथेच राहील" म्हणणाऱ्या बापाला पुढचं उत्तर द्यावं लागतं. कुणाजवळ राहील? सकाळी डबा कोण करेल? कामासाठी बाबांना शहराबाहेर जावं लागलं, तर त्या रात्री ती कुठे असेल? हरकत घेणारा पालक ताबा स्वतःकडे घ्यायला तयार नसेल, तर त्याची हरकत 'आईने जाऊ नये' एवढ्यावर येऊन थांबते, आणि तेवढ्याने भागत नाही.

आईच्या करिअरचा मुद्दा कोर्ट आज पूर्वीपेक्षा गंभीरपणे घेतं. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पुण्यातल्याच एका इंजिनिअर आईचं प्रकरण आलं. कंपनीने तिला पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरात कामाची संधी दिली होती आणि नऊ वर्षांच्या मुलीला सोबत न्यायचं होतं. वडिलांचा विरोध होता आणि पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने परवानगी नाकारली होती. न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी ती दिली. नोकरीत पुढे जाण्याची आईची संधी हिरावून घेता येणार नाही, आणि वडिलांची भेटही तुटता कामा नये, असा दोन्हींचा तोल त्या निकालात आहे.

पण या निकालावरून 'नोकरी म्हटलं की परवानगी' असा अर्थ काढणारे चुकतात. करिअरला वजन आहे ते एका पायरीपर्यंत. कारण खरं आहे, एवढं त्यातून सिद्ध होतं. मुलाचं पुढे कसं होईल, हे तरीही वेगळं दाखवावं लागतं.

कारणाची आणि हरकतीची पारख

न्यायाधीश आधी आईच्या कारणाकडे बघतात. जाण्यामागे खरोखर नोकरी, आधार किंवा सुरक्षितता आहे, की बापापासून मूल तोडणं हाच उद्देश आहे? हे कुणी कबूल करत नाही, त्यामुळे ते खुणांवरून ओळखावं लागतं. भेटी वाढवण्याचा आदेश झाला आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या शहराचा विषय निघाला, तर ती एक खूण. नोकरीचं पत्र नाही, घर ठरलेलं नाही, पण शहर मात्र पक्कं आहे, ही दुसरी. आणि सर्वात बोलकी खूण म्हणजे अर्जात बापाच्या भेटींबद्दल एकच ओळ असणं: 'वडील सोयीनुसार भेटू शकतील.' ज्याला भेटी टिकवायच्या असतात तो गाडीच्या वेळा बघून अर्ज लिहितो.

मग तेवढ्याच बारकाईने बापाची हरकत तपासली जाते. मुलीचा सहवास जाईल याचं दुःख आहे, की आईवर अजून पकड हवी आहे? इथे भाषणांपेक्षा मागच्या तीन वर्षांची नोंद बोलते. ठरलेल्या भेटींपैकी किती घेतल्या? शाळेची फी कोण भरतं? पालकसभेला कोण जातं? मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव बाबांना सांगता येतं का? आमच्या उदाहरणातल्या बाबांना ते सांगता आलं. पोहण्याच्या क्लासच्या पावत्याही त्यांच्याच नावाच्या होत्या. तीन वर्षांत त्यांचे फारच थोडे बुधवार चुकले, आणि जे चुकले त्यांतल्या बहुतेकांचा निरोप आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला होता. त्यामुळे त्यांच्या हरकतीला वजन आलं. महिनोन्महिने न फिरकलेला बाप जेव्हा मुलाच्या ओढीने हरकत घेतो, तेव्हा त्याला तीच नोंद आडवी येते.

या टप्प्यावर प्रकरण विवाह समुपदेशकांकडे जातं. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत हे पद असतं. समुपदेशक दोघांशी आधी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलतात, मुलीशीही बोलतात, तडजोड होते का ते बघतात. नागपूर होणारच आहे हे धरून बाबा एकदा तक्त्यावर बोलायला लागले, तर अर्धं काम इथेच होतं. पण आमच्या उदाहरणात बाबा तिथवर यायला तयार नाहीत. प्रकरण न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये जातं.

चेंबरमधली पंधरा मिनिटं

मूल समजून सांगण्याच्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते, असं १८९०चा कायदा म्हणतो. वयाचा आकडा त्यात दिलेला नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांशी न्यायाधीश बऱ्याचदा बोलतात, आईबाबा आणि वकील बाहेर थांबतात.

अनुभवी न्यायाधीश "तुला कुणाकडे राहायचंय?" असं विचारत नाहीत. त्या प्रश्नाने मुलाच्या डोक्यावर निकालाचं ओझं ठेवलं जातं, आणि उत्तर काहीही दिलं तरी एका पालकाला दुखावल्याची टोचणी त्याच्याकडे राहते. मॅडम विचारतात ते असं: "बाळा, काल शाळेतून आल्यावर काय काय केलंस?" मग सुट्टीत कुठे गेली होतीस, आजारी पडलीस तेव्हा रात्री कोण उठलं, जवळची मैत्रीण कोण.

मुलगी सांगते. नागपूरला आजोबांकडे अंगण आहे आणि तिथे एक मांजर आहे. आजी रात्री गोष्ट सांगते. आई तिकडे गेल्यावर कमी रागावते. मग थोडं थांबून ती विचारते, "तिकडे बुधवारी कोण येणार?"

तिच्या बोलण्यात मोठ्यांचे शब्द नाहीत, हे मॅडमच्या लक्षात येतं. शिकवून आणलेलं मूल ओळखू येतं. ते 'माझं भविष्य', 'बाबा खर्च देत नाहीत' अशी वाक्यं न विचारता म्हणतं, आणि पुढचा साधा प्रश्न विचारला की अडखळतं. असं झालं तर नुकसान पढवणाऱ्याचंच होतं, कारण मुलाला दुसऱ्या पालकाविरुद्ध उभं करणारा उद्या भेटी कशा होऊ देईल, हा संशय बळावतो. मूल मोकळेपणाने बोललं तरी त्याची इच्छा म्हणजे त्याचं हित, असं समीकरण नसतं. अंगण आणि मांजर हे आठ वर्षांच्या मुलीसाठी मोठं आकर्षण आहे, पण निकाल त्यावर उभा राहत नाही. "बुधवारी कोण येणार?" या तिच्या प्रश्नावर मात्र राहतो.

रात्रींचा हिशोब

आता तक्ता मांडू. पुण्यात शाळेच्या दिवसांत बाबांना साधारण २० शनिवार-रविवार मिळतात, प्रत्येकी एक रात्र, म्हणजे २० रात्री. दिवाळीच्या सुट्टीतल्या ९ आणि उन्हाळ्यातल्या २०. एकूण ४९ रात्री, आणि त्याशिवाय जवळपास ४० बुधवार.

आईने मांडलेली नवी व्यवस्था अशी: वर्षातले नऊ महिने, दर महिन्याला एकदा, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ, म्हणजे १८ रात्री. दिवाळीत १०. उन्हाळ्यात सलग चार आठवडे पुण्यात, म्हणजे २८. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्यामुळे एवढी सलग सुट्टी देणं तिला जमतं. एकूण ५६ रात्री.

कागदावर बाबांच्या सात रात्री वाढल्या. तरीही बाबा म्हणतात की माझं नुकसान झालं, आणि ते खरं बोलत आहेत. ४० बुधवार गेले, त्यांच्या जागी काहीच आलं नाही. बुधवारी बाबा तिला थकलेली, चिडलेली, गणितात अडलेली अशी बघत होते. सुट्टीतलं मूल वेगळं असतं. सुट्टीतला बापही वेगळा असतो, तो हिंडवतो, लाड करतो, गृहपाठ घेत नाही. रोजच्या आयुष्यातला माणूस सुट्टीपुरता उरला, की नात्याचा पोत बदलतो.

म्हणून निव्वळ रात्री मोजून निर्णय होत नाही. दोन भेटींमध्ये किती दिवसांची पोकळी पडते हेही बघावं लागतं, आणि ती पोकळी किती सोसेल हे मुलाच्या वयावर असतं. आठ वर्षांची मुलगी महिनाभर बाबांची आठवण धरून ठेवते, फोनवर शाळेतलं भांडण सांगू शकते. अडीच वर्षांच्या मुलाला महिना म्हणजे फार मोठा काळ असतो. त्याला थोड्या थोड्या दिवसांनी मिळणारा सहवास लागतो, आणि उन्हाळ्यातले चार आठवडे सलग आईवेगळं ठेवणंही त्याला झेपत नाही. त्याच्यासाठी हा तक्ता दोन्ही टोकांना मोडतो.

आदेशात काय लिहिलं जातं

आमच्या उदाहरणात परवानगी मिळते. मुलगी जन्मापासून मुख्यतः आईच्या हाताखाली वाढली आहे. बढती खरी आहे, नागपुरात घर आणि माणसं आहेत. आईने आधी अर्ज केला, भेटी कधी अडवल्या नाहीत, पुढचा तक्ता स्वतःहून दिला. पण बाबांची हरकत वाया जात नाही. ती आदेशाच्या अटींमध्ये उतरते.

पहिली अट म्हणजे वार्षिक परीक्षा संपेपर्यंत शाळा बदलायची नाही. दुसरी, महिन्यातली भेट 'दोघांच्या सोयीने' नव्हे तर ठरावीक दिवशी, महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी. त्या दिवशी परीक्षा किंवा आजारपण आलं तर पुढचाच शनिवार-रविवार. बाबा नागपूरला स्वतःच्या खर्चाने येतील, दिवाळीत आणि उन्हाळ्यात मुलीला पुण्याला आणणं-नेणं आईच्या खर्चाने. मुलीला घ्यायचं-सोडायचं कुठे आणि किती वाजता, सोबत कोण असेल, हेही लिहिलेलं. हे वाचताना क्षुल्लक वाटतं, पण आदेश कोसळतात ते नेमके इथेच. 'वाजवी भेट' असे दोन शब्द लिहून दिलेला आदेश पहिल्या चुकलेल्या गाडीपाशी संपतो. तिकिटाचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद होतो, मग भेट होत नाही, मग पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.

तिसरी अट फोनची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मधल्या एका निकालात प्रत्यक्ष भेट आणि संपर्क या दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगितल्या आहेत. पालक वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तेव्हा फोन आणि व्हिडिओ कॉलवर नियमित बोलता येणं हाही मुलाचा आणि पालकाचा हक्क आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्यामुळे आमच्या आदेशात लिहिलं जातं: बुधवार, शुक्रवार आणि रविवार, संध्याकाळी साडेसात वाजता, अर्धा तास व्हिडिओ कॉल, मुलगी खोलीत एकटी असताना. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. शेजारी आजी बसलेली असेल तर मूल 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नाही.

चौथी अट शाळेची. नव्या शाळेच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि फोन नंबर राहील, प्रगतिपुस्तक त्यांनाही मिळेल, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ते असतील. आणि शेवटी, एका वर्षानंतर दोघांपैकी कुणालाही बदलासाठी पुन्हा अर्ज करण्याची मुभा.

हाच निकाल उलटा कधी जातो

हेच कागद आणि हीच शहरं ठेवून दोन-तीन तपशील बदलून बघू.

समजा बाबांची आई त्यांच्याकडे राहते, गेली तीन वर्षं मुलगी रोज शाळा सुटल्यावर त्या आजीकडेच येते, आईची नोकरी फिरतीची आहे, आणि व्यवहारात मुलीचे आठवड्यातले चार दिवस बाबांच्या घरी जातात. मग कागदावर ताबा कुणाचाही असला, तरी नागपूरला नेणं म्हणजे मुलीला तिच्या रोजच्या घरातून उचलणं ठरतं. इथे परवानगी नाकारली जाण्याची शक्यता खूप वाढते. मुलगी नववीतून दहावीत जाणारी असेल आणि पुण्यात राहायचंय असं ठाम, समजून सांगत असेल, तरीही पारडं फिरतं.

आता दुसरा बदल. आई अर्ज न करता नोव्हेंबरातच दाखला काढून नागपूरला गेली. बाबा पुण्याच्या कोर्टात जातात. मुलीला परत आणा किंवा निदान भेटी लगेच सुरू करा, असा अंतरिम आदेश होऊ शकतो. आदेश मोडल्याबद्दल अवमानाची कारवाईही होऊ शकते. पण इथे एक टोचणारं सत्य सांगितलं पाहिजे. बाबा लगेच न जाता वर्षभराने कोर्टात गेले, किंवा तारखांमध्येच वर्ष गेलं, तर तोवर मुलगी नव्या शाळेत रुळलेली असते. मग तिला पुन्हा उपटून आणणं तिच्या हिताचं का, असा प्रश्न उभा राहतो, आणि आईची चूक मान्य करूनही मूल तिथेच राहतं असं घडतं. ज्याला हरकत घ्यायची आहे त्याने म्हणूनच थांबू नये. आणि गुपचूप निघून जायचं मनात आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की त्या दिवसापासून त्यांच्या शब्दाची पत कमी होते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो दिवस त्यांच्यासमोर ठेवला जातो.

तिसरा बदल सर्वस्वी वेगळा आहे. घरात मारहाण असेल, जिवाची भीती असेल, तर 'आधी विचारा, मग निघा' हा क्रम लागू करता येत नाही. तिथे आधी सुरक्षित जागी पोहोचायचं. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा अशा वेळी उपयोगी पडतो. बाई तात्पुरती जिथे आश्रयाला गेली आहे त्या ठिकाणच्या न्यायालयातही त्याखाली अर्ज करता येतो, आणि मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. अर्ज मात्र पोहोचल्यावर लगेच करावा आणि निघण्याचं कारण त्यात स्पष्ट लिहावं, कारण गप्प राहिलं की तेच निघणं उद्या 'मूल पळवलं' असं मांडलं जातं.

अर्ज लिहिण्याआधीचा एक कागद

जाणाऱ्या आणि हरकत घेणाऱ्या, दोन्ही पालकांनी वकिलाकडे जाण्याआधी एक साधं काम करावं. मुलाच्या आठवड्याचा तक्ता काढावा, सोमवार ते रविवार, सकाळपासून रात्रीपर्यंत. कोण उठवतं, कोण सोडतं, अभ्यास कुणापुढे होतो, ताप आला तर कोण रजा घेतं. शेजारी दुसरा रकाना आखावा: नव्या शहरात या प्रत्येक जागी कोण असेल? जाणाऱ्याला यातून कळतं की कुठल्या जागा रिकाम्या राहणार आहेत आणि त्या भरायला आपण काय देऊ शकतो. हरकत घेणाऱ्याला कळतं की आपण त्या तक्त्यात खरोखर किती ठिकाणी आहोत. कधीकधी तो रकाना भरतानाच हरकत विरघळते, आणि कधी मुळात जाण्याचाच विचार बदलतो.

आमच्या उदाहरणातल्या बाबांच्या तक्त्यात बुधवारचा रकाना ठळक होता. नागपूरच्या तक्त्यात तो पूर्वीसारखा भरता आला नाही, आणि कुठल्याही आदेशाने तो भरला नसता. साडेसातचा कॉल त्या जागी आला. तिथे पोहणं नाही, येताना खाल्लेला वडापाव नाही. पण बाबा कॉलच्या वेळी गणिताचं पुस्तक समोर ठेवून बसतात, कारण आठवड्यातला तेवढा अर्धा तास तरी सुट्टीतला बाप व्हायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आहे.